एका टिचकीची साडी आणि सांगून नेसवलेली नऊवारी

२०२५च्या सप्टेंबरमध्ये इन्स्टाग्राम उघडलं की साड्याच साड्या दिसत होत्या. गूगलने ऑगस्टच्या अखेरीस जेमिनीमध्ये फोटो बदलून देणारं नवं मॉडेल आणलं होतं. ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने ते गाजलं आणि काही आठवड्यांत देशभरच्या मुलींनी आपले कुर्त्या-जीन्समधले सेल्फी त्याला देऊन शिफॉनच्या साडीतले फोटो करून घेतले. जुन्या हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखे मोकळे केस, कानामागे फूल, वाऱ्यावर उडणारा पदर, मागच्या भिंतीवर तिरपं सोनेरी ऊन. त्यासाठी परिच्छेदभर लांबीची सूचना टाइप करावी लागे. तिलाच प्रॉम्प्ट म्हणतात. पण टाइप कोण करत होतं? कुणीतरी एकदा लिहिलेली सूचना हजारोंनी उचलून तशीच चिकटवली होती. म्हणून तर पुण्यातल्या मुलीचा पदर आणि पाटण्यातल्या मुलीचा पदर एकाच बाजूला, एकाच लयीत उडत होता.

फोनवरची कपडे बदलणारी ॲप्स वापरताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. एक बटण दाबून होणारा फिल्टर आणि लिहून दिलेला प्रॉम्प्ट यांतला फरक लांबीचा नाही. उसनी आणलेली सूचना कितीही लांब असली तरी वापरणाऱ्यासाठी तो फिल्टरच असतो, कारण कपडा कसा असावा हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. खरा प्रश्न एवढाच, की चित्रातल्या कुठल्या गोष्टी आपण ठरवायच्या आणि कुठल्या दुसऱ्यावर सोडायच्या.

फिल्टरच्या बटणामागे काय चालतं ते थोडक्यात पाहू. दहा वर्षांपूर्वीच्या ‘सूट फोटो’ ॲप्समध्ये कोट-टायचं तयार चित्र असे, गळ्याच्या वरचा भाग मोकळा, आणि तिथे आपला चेहरा नीट बसवायचा. पूर्वी फोटो स्टुडिओत खुंटीला एक कोट टांगलेला असायचा, येईल त्या गिऱ्हाइकाला तोच चढवायचे आणि मोठा झाला तर पाठीमागे चिमटे लावायचे, तसाच हा मामला होता. आजचा फिल्टर कोट चिकटवत नाही, नव्याने रंगवतो. ॲप आधी तुमच्या फोटोत माणूस कुठे संपतो, कपडे कुठे आहेत, चेहरा आणि हात कुठे आहेत हे ओळखतं. मग ॲप बनवणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली एक सूचना, काही वेळा सोबत त्या पोशाखाचं नमुना-चित्र, आणि तुमचा फोटो असं सगळं एकत्र करून मॉडेलकडे पाठवलं जातं. म्हणजे फिल्टरमध्येही प्रॉम्प्ट असतोच. तो आपल्याला दिसत नाही आणि बदलता येत नाही, एवढंच.

ही लपवलेली सूचना कमी दर्जाची असते असं मुळीच नाही. उलट ती बऱ्याचदा आपण घाईत लिहू त्यापेक्षा चांगली असते. बनवणाऱ्यांनी ती वेगवेगळ्या चेहऱ्यांवर, वेगवेगळ्या उजेडात चालवून पाहिलेली असते. चेहरा जसाच्या तसा ठेव, पार्श्वभूमीला हात लावू नको, अशा अटी तिच्यात घातलेल्या असतात. हौशी माणूस स्वतः लिहायला बसतो तेव्हा नेमक्या याच अटी विसरतो, आणि साडी छान येते पण आतली बाई दुसरीच निघते.

त्यामुळे ज्या कामात ‘साधारण असा’ पोशाख पुरतो तिथे प्रॉम्प्ट लिहीत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. नोकरीच्या अर्जासाठी ब्लेझर हवाय, फोटो छातीपर्यंतचा आहे, चेहरा समोर आहे, तर फिल्टर वापरावा. गडद निळा ब्लेझर आणि पांढरा शर्ट जगभर सारखाच असतो. मॉडेलने तो इतक्या वेळा पाहिलेला असतो की कॉलर, खांद्याची शिवण, बटणं यांत चूक व्हायला फारशी जागाच उरत नाही. दिवाळीला व्हॉट्सॲपच्या डीपीसाठी कुठलीतरी भरजरी साडी किंवा कुठलातरी कुर्ता हवा असेल, तरी तेच. तो फोटो बोटाच्या नखाएवढा दिसणार आहे. काठावर कोयरी आहे की कमळ हे कुणाला कळणार नाही. एक अपवाद मात्र ठाम आहे. सरकारी कागदपत्रांसाठी असा फोटो चालत नाही. अमेरिकेच्या पासपोर्टच्या नियमांत तर फोन ॲप, फिल्टर किंवा एआय वापरून बदललेला फोटो देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तेवढं ध्यानात ठेवावं.

फिल्टर चांगला चालण्यासाठी सूचनेपेक्षा मूळ फोटोची निवड जास्त महत्त्वाची असते, आणि याकडे फार कमी लोक बघतात. खांद्यावरून पुढे आलेले मोकळे केस असले की पदर केसांच्या वरून जावा की खालून, याचा मॉडेलचा गोंधळ होतो. हाताची घडी घातलेली असली तर बोटं बाहीत विरघळतात. आणि पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवरून बिनबाह्यांचं ब्लाऊज मागितलं तर उघडा हात मॉडेल स्वतःच्या अंदाजाने रंगवतं, कारण तो त्याने पाहिलेलाच नसतो. त्या सप्टेंबरच्या लाटेत एका तरुणीने व्हिडिओ टाकून सांगितलं होतं, की मूळ फोटोत पूर्ण बाह्या असूनही साडीतल्या चित्रात तिच्या हातावरचा खराखुरा तीळ दिसला. त्यावरून बरीच घबराट झाली, योगायोग की आणखी काही यावर वाद रंगला. तो वाद बाजूला ठेवला तरी व्यवहारातली गोष्ट एवढी, की जेवढं अंग मूळ फोटोत दिसतं साधारण तेवढंच नव्या पोशाखात दिसेल असा फोटो निवडला, तर मॉडेलला मनाचं काही घालावं लागत नाही.

आता फिल्टर जिथे हमखास घसरतो ती जागा. चित्र बनवणारं मॉडेल असंख्य चित्रांवरून शिकलेलं असतं. तुम्ही जे सांगितलं नाही ते, त्याने सर्वांत जास्त वेळा पाहिलेल्या गोष्टीने भरून निघतं. ‘साडी’ म्हटलं की त्याच्या लेखी निऱ्या पुढे, खाली गोल घेर, डाव्या खांद्यावर पदर, म्हणजे सहावारी. आपली नऊवारी या बहुमतात बसत नाही. त्यामुळे ‘महाराष्ट्रीयन लुक’ असं नाव दिलेल्या फिल्टरमधूनही बरेचदा सहावारीच येते. वर नथ, चंद्रकोर, हिरव्या बांगड्या आणि अंबाड्यावर गजरा. कमरेखाली मात्र परकरावर नेसलेली गोल साडी. चेहऱ्याकडे पाहिलं तर कोल्हापूरची, पायांकडे पाहिलं तर कुठलीही.

डोंबिवलीत निमंत्रणाची डिजिटल कार्डं करून देणारी एक डिझायनर माझ्या ओळखीची आहे. तिच्याकडे श्रावणात मंगळागौरीच्या कार्डाचं काम आलं. सून बंगळूरला नोकरीला, कार्यक्रमापुरती येणार. तोवर तिचा नऊवारीतला फोटो नाही, आणि सासूबाईंना कार्डावर सून नऊवारीतच हवी. त्यांनी आधी स्वतः फोनवरच्या फिल्टरने करून पाहिलं होतं. ते चित्र दाखवत त्या म्हणाल्या, “अगं, ही कुठली नऊवारी? ही तर गरब्याला निघाल्यासारखी दिसतेय.” चित्र देखणं होतं, पण काकूंचं म्हणणं बरोबर होतं. घेर घागऱ्यासारखा फुलला होता आणि कासोट्याचा पत्ता नव्हता.

डिझायनरने पहिला प्रश्न विचारला तो साडीबद्दल नव्हता. “काकू, कार्डावर ती कमरेपर्यंत दाखवायची की पायांपर्यंत?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नऊवारीचं वेगळेपण बहुतेक सगळं कमरेखाली असतं. कमरेपर्यंतच्या चित्रात ब्लाऊज, खांद्यावरचा पदर, दागिने आणि केस एवढंच दिसतं, आणि ते तर फिल्टरने नीट दिलं होतं. कार्ड अर्ध्या चित्राचं असतं तर काम तिथेच संपलं असतं. फिल्टरचं चित्र कमरेला कापायचं आणि खाली तारीख-वेळ टाकायची. पण काकूंना फुगडी घालायला सज्ज अशी उभी सून हवी होती, पायांपर्यंत. मग लिहिण्याला पर्याय नव्हता.

तिने आधी साधंच लिहून पाहिलं: हिच्या अंगावर हिरवी नऊवारी पैठणी, काष्टा घातलेला. मॉडेलला मराठी कळतं, ‘नऊवारी’ हा शब्दही ओळखीचा आहे, पण त्याचा आकार त्याला पक्का ठाऊक नसतो. उत्तरात थोडी धोतरासारखी, थोडी घेरदार अशी काहीतरी मधलीच वस्तू आली. मग तिने ‘परकरासारखा घेर नको’ अशी ओळ घातली. घेर गेला नाही. चित्राच्या मॉडेलबाबत हे नेहमी होतं. ‘नको’ म्हणून जिचं नाव घ्यावं तीच वस्तू बरेचदा चित्रात डोकावते. त्यापेक्षा ती नसताना काय दिसेल ते सांगितलेलं जास्त लागू पडतं. रस्त्यावर गाड्या नकोत असं म्हणण्याऐवजी रस्ता रिकामा आहे असं म्हणायचं.

कासोट्याच्या बाबतीत काय दिसेल? दोन पाय वेगवेगळे दिसतील आणि मधल्या जागेतून मागची भिंत दिसेल. इथे तिला मूळ फोटोतलीच अडचण सापडली. सून दोन्ही पावलं जुळवून उभी होती. अशा उभं राहण्यात खरी नऊवारीसुद्धा समोरून साध्या साडीसारखीच वाटते. मॉडेलला दोष देऊन काय उपयोग? तिने काकूंकडे दुसरा फोटो मागितला. “एक पाऊल पुढे टाकलेला, चालतानाचा असला तरी चालेल. चेहरा मात्र समोर पाहिजे.” ऑफिसच्या सहलीतला एक मिळाला, थोड्या ढगळ सलवारीतला. सलवारीत दोन पाय आधीच वेगळे दिसत होते, म्हणून निम्मं काम फोटोनेच केलं.

मग तिने जी सूचना लिहिली ती अशी होती:

“या फोटोतली स्त्री हीच ठेवा. तिचा चेहरा, हसू, चष्मा, त्वचेचा रंग, उंची आणि उभं राहण्याची ढब आहे तशीच ठेवा. फक्त कपडे, केशरचना आणि दागिने बदला. तिने गडद हिरव्या रेशमाची महाराष्ट्रीयन नऊवारी साडी नेसली आहे. साडी धोतरासारखी दोन्ही पायांना वेगवेगळी गुंडाळली आहे. कापड पायांमधून मागे जाऊन पाठीमागे कमरेत खोचलं आहे. दोन पायांच्या मधून मागची भिंत दिसते. पुढे कमरेपाशी निऱ्यांचा छोटा झुबका खोचलेला आहे. रुंद सोनेरी काठ दोन्ही पायांवर घोट्याच्या थोडा वर दिसतो. पदर तिच्या डाव्या खांद्यावरून, म्हणजे चित्र पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूने, मागे गेला आहे. ब्लाऊज जांभळं, बाह्या कोपरापर्यंत. केसांचा अंबाडा आणि त्यावर गजरा. डाव्या नाकपुडीत मोत्यांची नथ. उजेड मूळ फोटोसारखाच, डावीकडून येणारा.”

यात विशेषणं किती कमी आहेत पाहा. मनमोहक, दिव्य, राजेशाही, सिनेमॅटिक असलं काही नाही. व्हायरल झालेल्या सूचनांमध्ये अशा शब्दांचाच भरणा असतो आणि त्यामुळे त्या तपशीलवार वाटतात. प्रत्यक्षात ‘राजेशाही साडी’ म्हटल्यावर मॉडेल पुन्हा स्वतःच्या बहुमताकडेच वळतं. उपयोगाची प्रत्येक ओळ अशी असते, की चित्र आल्यावर तिच्यावर बोट ठेवून ‘हे झालं’ किंवा ‘हे झालं नाही’ असं सांगता येतं. काठ घोट्याच्या वर आहे का? आहे किंवा नाही. राजेशाही आहे का, याचं उत्तर काय देणार?

डावं-उजवं दोनदा सांगितलंय, तेही उगाच नव्हे. समोर तोंड करून उभ्या असलेल्या बाईचा डावा खांदा चित्रात आपल्या उजवीकडे येतो, आणि मॉडेल इथे सर्रास गोंधळतं. त्यात पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला सेल्फी काही फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. सेल्फीत केसांचा भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला दिसत असेल, किंवा टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसत असतील, तर फोटो उलटा आहे असं समजावं आणि आधी सरळ करून घ्यावा. नाहीतर चित्रात सगळं जागच्या जागी आलं तरी माणूस मात्र आरशातला राहतो. घरच्यांना नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण ‘ही आपली वाटत नाही’ असं ते म्हणतात.

आलेल्या चित्रात कासोटा जमला होता. काकू तेवढ्यावर खूश होत्या, पण लगेच म्हणाल्या, “साडी माझीच दिसू दे ना. माझी पैठणी ती नेसणार आहे त्या दिवशी.” ही मागणी वेगळ्या जातीची आहे, आणि इथे शब्दांचाही उपयोग संपतो. एका विशिष्ट साडीचा हिरवा रंग, काठाची रुंदी, पदरावरची नक्षी हे सगळं कितीही वर्णन केलं तरी मॉडेल त्या वर्णनात बसणारी दुसरीच साडी काढेल. अशा वेळी साडीचाच फोटो सोबत द्यायचा. जेमिनीसारख्या मॉडेलना एकापेक्षा जास्त चित्रं देता येतात: पहिलं चित्र माणसाचं, दुसरं कापडाचं.

पण कापडाचा फोटोही समजावून द्यावा लागतो. काकूंनी कपाटातल्या घडी केलेल्या साडीचा फोटो पाठवला. त्यात वर पदराची घडी होती, म्हणून मॉडेलने पदराची भरगच्च जर अख्ख्या साडीभर पसरली आणि सून सोन्याच्या पत्र्यात गुंडाळल्यासारखी दिसायला लागली. डिझायनरने मग साडी पलंगावर उलगडायला लावली आणि दोन वेगळे फोटो घेतले. एक पदराचा, एक अंगाच्या भागाचा काठासकट. दिवसाच्या उजेडात आणि फ्लॅश बंद करून, कारण फ्लॅशमध्ये जर पांढरी पडते आणि दोन रंगांच्या धाग्यांचं रेशीम भलत्याच रंगाचं दिसतं. सूचनेत एक ओळ वाढली: दुसऱ्या चित्रातली नक्षी फक्त पदरावर, तिसऱ्या चित्रातला रंग आणि काठ उरलेल्या साडीवर. वर लिहिलेला साडीच्या रंगाचा आणि काठाचा मजकूर तिने काढून टाकला. फोटो एक सांगतोय आणि शब्द दुसरं, असं झालं की मॉडेल दोघांच्या मधलं काहीतरी काढतं.

दुरुस्त्या करण्याचीही एक रीत आहे. आलेल्या चित्रावरच ‘आता नथ मोठी कर’, ‘आता गजरा बदल’ अशी फर्मानं सोडत जायचा मोह होतो, आणि एक-दोन वेळा ते चालतंही. पण दरवेळी मॉडेल नुसती नथ बदलत नाही, आधीच्या चित्रावरून पूर्ण चित्र नव्याने काढतं. चेहऱ्यात प्रत्येक फेरीला थोडा फरक पडतो. हनुवटी जरा निमुळती होते, त्वचा गुळगुळीत होते, डोळे किंचित मोठे होतात. लागोपाठची दोन चित्रं पाहिली तर कळतही नाही. पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवलं की धक्का बसतो. म्हणून तिची पद्धत अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलून काय लागू पडतं ते शोधायचं, लागू पडलेली वाक्यं वेगळी लिहून ठेवायची, आणि शेवटी ती सगळी एकाच सूचनेत घालून पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात करायची. शेवटचं चित्र असं मूळ फोटोपासून एकाच पायरीवर असतं, आणि सून सूनच राहते.

तपासताना चित्र बोटांनी मोठं करून ती ठराविक जागी बघते. पदर खांद्यावरून मागे गेला, तर काखेखालून दिसणारा त्याचा भाग त्याच रंगाचा आहे का. काठ कमरेपाशी लुप्त होऊन गुडघ्याशी नव्याने उगवतो का. मंगळसूत्राच्या दोन वाट्या दोनच आहेत का, की तिसरं काही लोंबतंय. बांगड्या मनगटात रुतल्या आहेत का. पैठणीत तिची नजर सगळ्यात आधी पदरावरच्या मोरांकडे जाते. लांबून ते मोर वाटतात. मोठं केलं की एकाला दोन चोची, दुसऱ्याचं कोयरीत रूपांतर झालेलं. पैठणीचा मोर एकेक धागा गुंतवून विणलेला असतो, पाठीमागच्या बाजूनेही तसाच दिसतो. मॉडेलला विणकाम ठाऊक नाही, त्याला मोराचा भास तेवढा काढता येतो. हे सूचनेने सुधारत नाही. मग तिने एक जुनी युक्ती केली. कार्डाच्या तळाला खऱ्या पदराच्या फोटोतला मोरांचा पट्टा किनार म्हणून लावला, आणि सून थोडी मागे, लहान ठेवली. डोळा खऱ्या मोरांवर जातो, खोट्यांची कुणी चौकशी करत नाही.

हा सगळा खटाटोप फोनवर पाहायच्या कार्डासाठी होता हेही ध्यानात घ्यायला हवं. त्या पहिल्या नॅनो बनानाचं चित्र साधारण एक मेगापिक्सेलचं असतं. उभ्या दोनास तीन मापात ८३२ बाय १२४८ ठिपके. व्हॉट्सॲपवर ते झकास दिसतं. पण चार बाय सहा इंचाच्या चांगल्या छापील प्रतीला, इंचाला ३०० ठिपके धरले तर, १२०० बाय १८०० लागतात. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या त्याच्या ‘प्रो’ आवृत्तीत याहून बरीच मोठी चित्रं काढता येतात. तरी मोठ्या छपाईत नक्षीतल्या चुका लपत नाहीत, आणखी ठसठशीत होतात. शिवाय गूगलच्या या चित्रांत ‘सिंथआयडी’ नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते, चित्र मशीनने केलंय हे तिच्यावरून ओळखता येतं.

पुरुषांच्या पोशाखात हाच खेळ डोक्यावर होतो. कुर्ता-पायजमा किंवा जॅकेटसाठी फिल्टर पुरे. पण फेटा मागितला की फिल्टर राजस्थानी साफा नाहीतर शीख पगडी बांधून मोकळा होतो, कारण त्याने तीच जास्त पाहिलेली असतात. लग्नाच्या कार्डावर नवरदेवाच्या डोक्यावर पंजाबी धाटणीची पगडी आणि खाली ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ असा मजकूर मी स्वतः पाहिला आहे. इथेही नावापेक्षा आकार सांगितलेला बरा: सुती कापडाचे पीळ कपाळावर तिरपे, एका बाजूला वर पंख्यासारखा उभा तुरा, मागे पाठीवर सुटलेला शेमला. पुणेरी पगडी तर याहून वेगळी. ती बांधायची नसते, तयार असते, टोपीसारखी घालतात. ती हवी असेल तर वर्णन करत बसू नये, चांगला उजेड असलेला तिचा फोटो जोडावा.

फेट्यात फिल्टर किती चुकला हे पाहायला एक सोपी जागा आहे. कान. कोल्हापुरी फेट्याच्या ठेवणीत कान बहुधा उघडे राहतात. चित्रात दोन्ही कान पूर्ण झाकले गेले असतील तर ते बांधकाम दुसऱ्या प्रांतातलं आहे. मग सूचनेत ‘दोन्ही कान दिसतात’ एवढे शब्द घालून पाहावेत. पुष्कळदा तेवढ्याने पीळ आपोआप वर सरकतात, आणि बाकीची सूचना लिहायची गरज उरत नाही.